शकुनीचा पाय

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, माझा भाचा शाळेतून थेट माझ्याकडे आला. सातवीत होता. स्नेहसंमेलनात द्यूतसभेचा प्रवेश बसवणार होते आणि त्यात त्याला शकुनीचं काम मिळालं होतं. दप्तर कॉटवर टाकून तो म्हणाला, "मामा, लंगडायचं कसं ते मला शिकव ना. बाई म्हणाल्या, नीट जमलं पाहिजे."

त्याच्या बोलण्यात काहीही वाकडं नव्हतं. घरात ज्याला एखादी गोष्ट येते त्याच्याकडून ती शिकावी, इतका सरळ हिशेब. मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. डाव्या मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर नाही, त्यामुळे पाऊल टाकताना गुडघा आपोआप दुमडू नये म्हणून मी डाव्या हाताने मांडी मागे दाबून चालतो. हे चालणं मी पन्नासहून अधिक वर्षं करतो आहे. आणि 'शकुनीमामा' हे नावही मला नवीन नाही. १९८८ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका सुरू झाली, तेव्हा मी कॉलेजात होतो. गुफी पेंटल यांचा लंगडणारा शकुनी पडद्यावर आला आणि पुढच्या काही आठवड्यांत मला ते नाव चिकटलं. तोवर मी नुसता 'लंगड्या' होतो. 'लंगड्या' ही शिवी असली तरी ती पायापुरती होती. 'शकुनी' म्हटलं की पायावरून माणसाच्या मनापर्यंत जाता येत होतं.

भाच्याला त्या दिवशी मी काही शिकवलं नाही. "दोन दिवस थांब, बघून सांगतो," एवढंच म्हणालो. बघायचं होतं ते असं, की शकुनी मुळात लंगडा होता का? इतकी वर्षं मी हे गृहीत धरलं होतं. मी कुठल्या विद्यापीठात शिकलेला अभ्यासक नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली आणि संस्कृत रात्री दिव्याखाली, चुकतमाकत शिकलो. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपर्यंत पोहोचता येण्याइतकं संस्कृत माझ्यापाशी आहे. शकुनी जिथे जिथे येतो ती पानं मी पुन्हा वाचायला घेतली.

त्यात शकुनीच्या पायाचा उल्लेख नाही.

ग्रंथातला शकुनी गांधारचा राजपुत्र आहे, सुबलाचा मुलगा. आदिपर्वात तो बहिणीला घेऊन हस्तिनापुरास येतो, तिचं लग्न लावून देतो, भीष्माकडून सन्मान घेतो आणि आपल्या नगरास परत जातो. गांधारी डोळ्यांवर पट्टी बांधते ती स्वतःच्या निश्चयाने. त्यावरून भावाने सूडाची शपथ घेतल्याचं तिथे काही नाही. सभापर्वात राजसूय यज्ञाला आलेल्या राजांच्या यादीत सुबल आणि शकुनी ही दोन्ही नावं आहेत आणि तिथे शकुनीला 'महाबल' हे विशेषण लावलं आहे. युद्धात तो अठराव्या दिवसापर्यंत लढतो. शल्यपर्वात गांधारच्या घोडेस्वारांसह तो पांडवसेनेच्या पिछाडीवर चालून जातो आणि शेवटी सहदेवाच्या हातून मरतो. लबाड जुगारी तो आहेच, त्याबद्दल ग्रंथाच्या मनात शंका नाही. पण तो लंगडा नाही.

मग पाय कुठून आला? लोककथेतून. ती कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. गांधारीच्या पत्रिकेतला दोष टाळण्यासाठी तिचं लग्न आधी एका बोकडाशी लावलं होतं, ही गोष्ट कौरवांना कळली. त्यांनी सुबलाला सगळ्या मुलांसह कैदेत टाकलं आणि माणशी भाताचं एकेक शीत द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी आपला वाटा धाकट्या शकुनीला दिला, म्हणजे सूड घ्यायला कुणीतरी उरेल. मरताना बापाने त्याचा पाय मोडला, का तर प्रत्येक पावलागणिक त्याला या अन्यायाची आठवण व्हावी. आणि बापाच्या हाडांचे त्याने फासे केले. कथेचे तपशील प्रांतोप्रांती बदलतात. काही ठिकाणी कैद करणारा भीष्म असतो, काही ठिकाणी दुर्योधन.

गोष्ट म्हणून ती जबरदस्त आहे. पण ग्रंथाशी तिचा मेळ बसत नाही. ज्या बापाला कैदेत मारलं तो राजसूयाला आलेला आहे. जे भाऊ उपाशी मेले त्यांतले पाच जण भीष्मपर्वात अर्जुनाचा मुलगा इरावान याच्याशी लढताना पडतात. म्हणजे लोककथेने शकुनीला पाय दिला आणि त्याची किंमत म्हणून त्याचं जिवंत घराणं काढून घेतलं. लोककथेला तो अधिकार आहेच. महाभारत असं वाढतच आलेलं आहे. मला वेगळाच प्रश्न पडला. हा पाय लावल्यावर शकुनीच्या व्यक्तिरेखेतून नेमकं काय गेलं?

दोन जागा सांगतो. पहिली सभापर्वातली. मयसभा पाहून दुर्योधन जळफळत परत येतो, तेव्हा शकुनी त्याला पहिल्यांदा सांगतो की पांडवांचा मत्सर करू नकोस, ते आपल्या नशिबाचं भोगताहेत. फाशांची कल्पना त्यानंतर येते. दुसरी जागा वनपर्वातली, आणि ती आणखी नवलाची आहे. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला पकडलं, पांडवांनी त्याला सोडवलं आणि त्या लाजेने तो अन्नपाणी सोडून मरायला बसला. कर्ण त्याची समजूत घालतो. मग शकुनी बोलतो आणि म्हणतो की पांडवांनी तुझ्यावर उपकार केले आहेत, त्यांचं पित्रार्जित राज्य त्यांना परत दे, म्हणजे तुला यश आणि धर्म दोन्ही मिळेल.

ज्या माणसाचा बाप कौरवांच्या कैदेत मेला, ज्याचा पाय सूडासाठी मोडला, तो असं म्हणेल का? लोककथेतला शकुनी हे वाक्य बोलूच शकत नाही. ते वाक्य ग्रंथातल्या शकुनीचं आहे. भाच्याचं भलं हवं, फाशांचा गर्व आहे, नीती पातळ आहे, पण मधूनच शहाणपण सुचतं, असा तो माणूस आहे. असे मामा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मोडका पाय लागला की हा गुंता सुटतो, कारण 'तो असा का वागतो' या प्रश्नाचं उत्तर आता पायातच मिळतं. पुढे वाचायची गरज उरत नाही.

समीक्षकांचा जो आक्षेप आहे त्याचा गाभा मला इथे सापडला. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी २००० साली 'नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस' या नावाचं पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ साधारण 'कथेला लावलेला कृत्रिम अवयव' असा होईल. त्यांचं म्हणणं असं, की साहित्यात अपंग माणसं कमी नाहीत, उलट जागोजाग आहेत. पण त्यांचं व्यंग हे त्यांचं जगणं म्हणून येत नाही. कथा जिथे अडखळते तिथे ती त्या व्यंगाची कुबडी घेते. पात्राला वेगळेपण हवं, भूतकाळ हवा, अर्थाचं वजन हवं, की एक व्रण किंवा एक लंगडा पाय द्यायचा. काम झालं की त्या पायाकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे न पटणाऱ्या कारणाला 'लंगडी सबब' म्हणतात. इथे उलटं घडतं: लेखकाची सबब लंगडी असते आणि ती झाकायला तो पात्राला लंगडं करतो.

याच्या आधी, १९८५ मध्ये, पॉल लाँगमोर या इतिहासकाराने चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरच्या अपंग पात्रांबद्दल एक निबंध लिहिला होता. लाँगमोरला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता. खलपात्राला व्यंग देण्यामागे त्याला तीन समजुती दिसल्या. एक, व्यंग ही पापाची शिक्षा असते. दोन, व्यंग असलेला माणूस आपल्या नशिबाने आतून कडवट झालेला असतो. तीन, धडधाकट माणसांचा त्याला राग असतो आणि जमलं तर तो त्यांचा नाश करील. लोककथेतला शकुनी दुसऱ्या आणि तिसऱ्या समजुतीत तंतोतंत बसतो. ही यादी वाचताना मी स्वतःला विचारलं की मी कडवट आहे का. थोडा असेन. पण त्यातला बराचसा भाग पतसंस्थेच्या संचालकांमुळे आहे, पायामुळे नाही.

आता कुणी म्हणेल, की शकुनीचं व्यंग मागाहून आलेलं आहे, पण मंथरेचं काय? ती तर वाल्मीकीच्या मूळ रामायणातच कुबडी आहे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. व्यंग असलेलं खलपात्र दिसलं की सरसकट नाक मुरडायचं, अशी समीक्षा फार दूर जात नाही. पाहायचं ते असं, की कथा त्या व्यंगाकडून काय काम करून घेते.

अयोध्याकांडात मंथरा कैकेयीच्या माहेरची दासी आहे. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून ती पेटते आणि तिचे युक्तिवाद सगळे राजकारणाचे आहेत. कौसल्येचा मुलगा गादीवर बसला की तुझं स्थान दासीचं होईल, भरताला धोका होईल, असं ती कैकेयीला पटवते. मालकिणीचं आसन गेलं की दासीचंही जातं, हे तिला कळतं. यात पाठीच्या कुबडाचा काही संबंध नाही. उलट कैकेयीला तिचा सल्ला पटल्यावर वाल्मीकी एक विलक्षण गोष्ट करतो. तो कैकेयीच्या तोंडून मंथरेच्या रूपाची स्तुती करवतो: वाऱ्याने वाकलेल्या कमळासारखी तू दिसतेस, तुझ्या या कुबडात तुझी बुद्धी, राजविद्या आणि माया साठवलेली आहे, मी त्यावर सोन्याची माळ घालीन. यात थट्टा आहे की माया, यावर वाद होऊ शकतो. पण निदान त्या क्षणी कुबडी बाईकडे कुणीतरी आवडीने बघतं आहे, आणि वाचकालाही तसं बघावं लागतं.

पुढच्या कवींनी हे बदललं. कंबनच्या तमिळ रामायणात बाळ रामाने खेळण्यातल्या धनुष्याने मंथरेच्या कुबडावर मातीच्या गोळ्या मारल्या होत्या आणि ती ते विसरलेली नाही. म्हणजे राजकारण मागे गेलं आणि पाठीचा सूड पुढे आला. तुलसीदासाच्या 'मानसा'त कैकेयीच काणे, लंगडे आणि कुबडे लोक कुटिल असतात असं बोलून जाते. इथे पाठीवरून थेट स्वभाव वाचला जातो. शकुनीच्या पायाचं जे झालं तेच मंथरेच्या पाठीचं झालं. एकाला व्यंग नव्याने दिलं, दुसरीच्या असलेल्या व्यंगाला नवं काम दिलं, आणि दोघांचीही कारणं शरीरात जाऊन बसली.

ही मंथरा १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या मालिकेतून घरोघर आली ती ललिता पवार यांच्या रूपाने. इथे आपल्या विषयाला एक असं वळण मिळतं की कुठल्या कथालेखकाला सुचलं नसतं.

येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई तिसाच्या दशकात नायिका होत्या. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती चुकून जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, उपचारांत वर्षं गेली आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, तो कामावर झालेला अपघात होता. पण त्यानंतर नायिकेच्या भूमिका संपल्या आणि हिंदी चित्रपटाला त्याची सर्वांत प्रसिद्ध खाष्ट सासू मिळाली. पुढची कित्येक वर्षं तो बारीक झालेला डोळा दिसला की सुनेचं काही खरं नाही, हे प्रेक्षकाला कळायचं. कामावर जखमी झालेल्या एका बाईची जखम पडद्यावर तिच्या पात्रांच्या दुष्टपणाचा पुरावा झाली.

मात्र ललिताबाईंनी सासूच केली असं नाही. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये त्या केळी विकणारी गंगामाई आहेत. १९५९ च्या 'अनाडी'त त्या मिसेस डिसा आहेत, राज कपूरच्या भोळ्या नायकाला घर देणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने आईसारखी घरमालकीण. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मी हा चित्रपट या लेखासाठी पुन्हा पाहिला आणि फक्त डोळ्याकडे लक्ष ठेवलं. डोळा तोच आहे. तितकाच बारीक, तितकाच अधू. पण मिसेस डिसा रागावते तेव्हा त्या डोळ्यात लटका राग दिसतो आणि ती हसते तेव्हा तोच डोळा मिश्कील वाटतो. 'अनाडी' पाहून उठलेल्या कुणाला तो डोळा कुटिल वाटला असेल, असं मला वाटत नाही.

प्रयोगशाळेत करून पाहावा तसा हा प्रयोग आहे. व्यंग तेच, माणूस तोच, फक्त भोवतालची कथा बदलली आणि अर्थ पार उलटा झाला. व्यंगात स्वतःचा अर्थ नसतो, हे यापेक्षा स्वच्छ कसं दाखवणार? अर्थ देतात ते लेखक, कॅमेरा आणि पार्श्वसंगीत. खऱ्या लंगडण्याला पार्श्वसंगीत नसतं. मी भाजी आणायला जातो तेव्हा जसा चालतो तसाच वाईट विचार मनात असतानाही चालतो. पडद्यावरचा पाय मात्र कट शिजायला लागला की जास्त ओढला जातो.

यावर नाटक-सिनेमावाल्यांचं एक उत्तर असतं आणि ते मी हलक्यात घेत नाही. दृश्य माध्यमात वेळ कमी असतो, पात्र पहिल्या मिनिटात ओळखू यावं लागतं, त्यासाठी काहीतरी खूण हवीच. बरोबर आहे. पण शकुनीपाशी खूण आहेच: फासे. फासे त्याने स्वतः निवडलेले आहेत, त्यांत त्याचं कौशल्य, गर्व आणि पाप तिन्ही आहे. पाय त्याने निवडलेला नाही. निवडलेल्या गोष्टीवरून माणसाची पारख करणं आणि न निवडलेल्या गोष्टीवरून करणं, यात जो फरक आहे तोच हा सगळा वाद आहे.

नियम करून हे सुटेल का? २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण खलपात्राची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना ते पैसे देणार नाहीत. चेहऱ्यावर व्रण असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या 'चेंजिंग फेसेस' या संस्थेच्या मोहिमेला तो पाठिंबा होता. त्यामागची कळकळ मला पटते. शाळेत मुलं कुणाला कुठल्या खलनायकाच्या नावाने हाक मारतात, हे मला कुणी सांगायला नको. पण हाच नियम काटेकोर लावला तर वाल्मीकीची मंथराही बाद होईल, आणि तिच्याबरोबर कैकेयीची ती स्तुतीही जाईल. शिवाय ज्या नटाच्या चेहऱ्यावर खरोखर व्रण आहे त्याने खलनायक कधी करूच नये, असंही होईल. ललिताबाईंची 'अनाडी' हवी, पण त्यांची मंथराही मला गमवायची नाही.

म्हणून मी वाचताना आणि पाहताना स्वतःपुरती दोन प्रश्नांची कसोटी ठेवली आहे. पहिला, हे व्यंग काढून टाकलं तर पात्राच्या वागण्याचं कारण शिल्लक राहतं का? वाल्मीकीच्या मंथरेचं राहतं, कंबनच्या मंथरेचं बरंचसं जातं. ग्रंथातल्या शकुनीला पायाची गरजच नव्हती, लोककथेतला शकुनी पायावाचून उभा राहत नाही. दुसरा, त्या कथेत त्या व्यंगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेने बघणारं कुणी आहे का? कैकेयी आहे. शकुनीच्या पायाकडे मात्र त्याच्यासकट सगळे एकाच नजरेने बघतात. दोन्ही उत्तरं 'नाही' आली, तर ते व्यंग लेखकाने उसनं घेतलेलं आहे असं समजावं.

दोन दिवसांनी भाचा परत आला. मी त्याला वनपर्वातली ती जागा वाचून दाखवली आणि मराठीत सांगितली. त्याने विचारलं, "म्हणजे तो लंगडत नव्हता?" मी म्हटलं, "ग्रंथात नाही." तो थोडा हिरमुसला, कारण लंगडण्याचा सराव त्याने घरी सुरू केला होता. मग म्हणाला, "पण मग तो वाईट आहे हे लोकांना कसं कळणार?"

मी त्याच्या हातात सारीपाटाचे जुने फासे दिले, माझ्या वडिलांचे. ते तळहातावर कसे खेळवायचे हे शिकायला त्याला आठवडा लागला. संमेलनात बाईंनी त्याला लंगडायला लावलंच, कारण लोकांना सवय आहे, असं त्या म्हणाल्या. पहिल्या प्रवेशात तो लंगडला. फासे टाकायची वेळ आली तेव्हा सगळं लक्ष हातांकडे गेल्यामुळे तो लंगडायचं विसरला आणि ताठ चालत गेला. माझ्या शेजारी बसलेल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.